दुधाळ झालेली काच

रत्नागिरीत माझे गाड्यांच्या रंगकामाचे छोटे गॅरेज आहे. गणपतीला चार दिवस उरले असताना एक टॅक्सीवाले काका त्यांची जुनी गाडी घेऊन आले. "रात्री आंबा घाटात रस्त्याची कडाच दिसत नाही, बल्ब दोनदा बदलला," असे ते सांगत होते. बल्ब ठीकच होते. दोन्ही हेडलाइटच्या काचा मात्र जुन्या वर्तमानपत्रासारख्या पिवळ्या पडल्या होत्या. आपण सवयीने काच म्हणतो, पण ते पॉलिकार्बोनेट नावाचे प्लास्टिक असते आणि त्यावर कंपनी उन्हापासून वाचवणारा पातळ थर देते. तो थर आधी मरतो, मग खालचे प्लास्टिक पिवळे होते. काकांची गाडी वर्षानुवर्षे अंगणात पश्चिमेकडे तोंड करून उभी राहायची.

हात लावण्यापूर्वी मी दोन्ही काचांवर पाणी ओतले. पाणी पसरताच आतला परावर्तक स्पष्ट दिसू लागला आणि सुकताच पुन्हा धुके आले. म्हणजे दोष बाहेरच्या पृष्ठावर होता. ओली करूनही काच अंधूकच राहिली, तर डाग आत असतो किंवा प्लास्टिकमध्ये बारीक भेगा पडलेल्या असतात आणि मग बाहेरून कितीही घासले तरी उपयोग होत नाही. काकांनी मे महिन्यात टूथपेस्टने घासून घेतले होते. दोन महिने चमक राहिली, मग रंग पूर्वीपेक्षा गडद झाला. पेस्टने वरचे धुके पुसले होते, उरलासुरला थरही झिजवला होता आणि त्या जागी नवे काही दिले नव्हते.

भोवतालच्या रंगावर मास्किंग टेप लावून मी ८०० नंबरच्या वॉटर पेपरने, पाणी आणि साबणाचे दोन थेंब घेऊन घासायला सुरुवात केली. सुरुवातीला खाली उतरणारे पाणी पिवळसर असते आणि जुना थर निघाल्यावर ते पांढरे होते. हा बदल पूर्ण पृष्ठभर होईपर्यंत पुढचा पेपर हाती घ्यायचा नाही, कारण अर्धवट उरलेला थर नंतर त्याच रेषेवर उचकटतो. पुढे १००० आणि १५०० नंबरचे पेपर, प्रत्येक वेळी घासण्याची दिशा बदलून, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही ते कळते. १५०० वर काच एकसारखी धुरकट दिसते आणि ती पाहून काका घाबरले. त्यांना वाटत होते की मी आता पॉलिश करून आरशासारखी चमक आणेन. परंतु जुन्या थराच्या जागी नवा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट मारायचा असेल तर तिथेच थांबावे लागते, कारण गुळगुळीत पृष्ठाला कोट नीट धरत नाही आणि १५०० चे बारीक ओरखडे तो स्वतःच भरून काढतो.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला, सर नुकतीच ओसरली असताना, काकांच्या घाईपोटी मी हार्डनर मिसळलेला क्लिअर लवकर उडणाऱ्या थिनरमध्ये पातळ करून मारला. हार्डनरची वाफ फुप्फुसांना घातक असते, म्हणून योग्य फिल्टरचा मास्क आणि उघडी जागा लागतेच. पण उघड्या जागेत पावसाची दमट हवाही होती. दहा मिनिटांत उजव्या काचेवर नारळाच्या दुधासारखी पांढरट साय दिसू लागली. थिनर झपाट्याने उडाला की पृष्ठ थंड होते आणि हवेतली ओल त्यावर बसते. ही चूक पूर्णपणे माझी होती आणि मी काकांना तसे सांगितले.

कोट कडक होण्यासाठी रात्र जाऊ दिली. सकाळी १००० आणि १५०० ने तो उतरवला, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घेतला. पेट्रोल किंवा थिनर चोळण्याचा मोह आवरावा, कारण त्याने या प्लास्टिकला जाळीसारख्या भेगा पडतात. दुपारी ऊन पडल्यावर दिवे हाताला कोमट लागेपर्यंत थांबलो, या वेळी सावकाश उडणारा थिनर घेतला आणि दोन्ही दिव्यांवर पहिला हात अगदी हलका, मग दहा-दहा मिनिटांनी दोन ओले हात दिले. दुसऱ्या दिवशी चिकटलेली धूळ २००० च्या पेपरने काढली आणि पॉलिश फक्त तेवढ्याच जागी केले.

पुढच्या मे महिन्यात ती गाडी ऑइल बदलायला आली, तेव्हा मी आधी दिवे पाहिले. दोन्ही स्वच्छ होते. फक्त डाव्या दिव्याच्या खालच्या कोपऱ्यात, बंपरच्या कडेला पेपर नीट पोहोचला नव्हता, तिथे नखाएवढी पापडी सुटली होती.