सोलापूरचा नकाशा आणि आत्याचा एक प्रश्न

तीन दिवस सोलापुरात आत्याकडे होते. पहिला दिवस प्रवासाच्या शिणात आणि कडक भाकरी-शेंगाचटणीत गेला, त्याबद्दल काही लिहीत नाही. मला लिहायचंय ते नकाशाबद्दल. मैत्रिणींचा एक गट पुढच्या महिन्यात येणार आहे. गाईड न घेता त्यांना एकट्यानं फिरता यावं, म्हणून पाच थांब्यांचा कागद करायचा होता: आकडे, चार-चार ओळींची माहिती आणि क्रम.

क्रम मी घरी बसून इतिहासाप्रमाणे लावला होता. बाराव्या शतकातले योगी सिद्धरामेश्वर, म्हणून १ सिद्धेश्वर मंदिर आणि २ संमती कट्टा. मग बहामनी काळातला भुईकोट किल्ला ३, अप्पासाहेब वारद यांनी बांधलेली इंद्रभवन ही इमारत ४ आणि १९३१ च्या हुतात्म्यांचे चार पुतळे ५. कागदावर सुंदर दिसत होतं. आत्या म्हणाली, "चल की, मी चालून बघते. तू बोलायचं नाहीस." ती जन्मभर सोलापुरात राहिलेली, पण तिला फक्त कागद वाचून चालायचं होतं. मी दहा पावलं मागे.

मंदिर, कट्टा ठीक झालं. कट्ट्याहून किल्ल्याकडे निघालो आणि घोळ झाला. नकाशात मंदिराभोवतीचा तलाव नि किल्ला अगदी खेटून दिसतात, म्हणून मी पट्टीनं सरळ रेघ मारली होती. पण मध्ये पाणी, मग खंदक, मग तट. दरवाजा गाठायला वळसाच घालावा लागतो. आत्या तटाखाली उभी राहून कागद उलटसुलट करत होती, आणि डोक्यावर सोलापूरचं अकराचं ऊन. रेघ ही पायांनी आखायची असते, हे मला तिथं कळलं. दुसऱ्या दिवशी फोनवर चालण्याची वाट नोंदवून घेतली आणि तीच वाट नकाशावर उतरवली.

क्रमही उलटला. आता १ किल्ला: सावली कमी म्हणून सकाळी सातला, ताजे पाय असताना. मग तलावाकडेनं २ मंदिर, ३ कट्टा, ४ चार पुतळा, ५ इंद्रभवन. शतकं मागेपुढे झाली, पण एकदा आलेल्या रस्त्यानं परत जावं लागत नाही. इतिहासाचा क्रम हवा असेल त्यानं तो माहितीत घ्यावा, आकड्यांत नाही. आणि इंद्रभवन महापालिकेची इमारत असल्यामुळे ते बाहेरून बघायचं, असं मी तिथंच लिहिलं. आत जायला मिळेल या आशेनं आलेला माणूस शेवटच्या थांब्यावर हिरमुसतो.

पण ज्यासाठी हे लिहायला बसले तो प्रसंग कट्ट्यावरचा. माझी ओळ होती: 'संमती कट्टा. सिद्धेश्वर यात्रेत येथे अक्षता सोहळा होतो.' आत्यानं वाचलं, रिकाम्या कट्ट्याकडे बघितलं आणि विचारलं, "मग मी इथं काय बघायचं?"

खरंच, वर्षातले जवळजवळ सगळे दिवस तिथं बघायला काही नसतं. दगडी कट्टा आणि त्यावर कबुतरं. मग तीच बोलू लागली. कुंभाराच्या मुलीनं सिद्धरामांशी लग्नाचा हट्ट धरला. ते योगी, म्हणाले, माझ्या योगदंडाशी लग्न लाव. संक्रांतीच्या यात्रेत ते लग्न दर वर्षी पुन्हा लागतं. त्या योगदंडाची खूण म्हणून सात नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, इथं येतात आणि गर्दी अक्षता टाकते. "लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून मी तांदूळ फेकलेत, समोरचं काहीच दिसत नव्हतं," म्हणताना तिचा हात आपोआप वर गेला.

मी तिथंच खोडून नवीन लिहिलं: 'कट्ट्याकडे तोंड करून उभे राहा. नंदीध्वजाची काठी माणसाच्या डोक्यापेक्षा कितीतरी उंच असते, तितकी मान वर करा. ती उंची संक्रांतीत इथं सात वेळा उभी असते.' पुढे दोन ओळींत लग्नाची गोष्ट. बस. प्रत्येक थांब्याला मी आता हीच कसोटी लावते: कुठं उभं राहायचं, काय बघायचं, मग का. सन शेवटी.

चार पुतळ्यांपाशीही तसंच केलं. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. चारही नावं लिहिली, कारण रस्त्यावरून जाणारे 'चार पुतळा' म्हणतात आणि नावं मागे राहतात. १९३० च्या मे महिन्यात शहरात लष्करी कायदा लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला चौघांना येरवड्यात फाशी झाली. तो दिवस नि यात्रा एकाच आठवड्यात येतात, हे मला आत्यानंच दाखवलं.

म्हणून कागदाच्या खाली ठळक लिहिलंय: संक्रांतीच्या आठवड्यात हा नकाशा वापरू नका. वाटा गर्दीनं बंद असतात. त्या दिवसांत गर्दी जिकडे नेईल तिकडे जा, आणि तांदूळ मिळाले तर वर फेका.