पातळ खिचडीचा हिशोब

तासगाव तालुक्यातील 20 महिन्यांची एक मुलगी गेल्या महिन्यात माझ्याकडे आली. तिचे वजन 8 किलो 500 ग्रॅम होते आणि तीन महिन्यांत ते जवळजवळ वाढलेले नव्हते. तिच्या आईने पिशवीतून प्रोटीन पावडरचा नवा डबा काढला आणि विचारले, "मॅडम, हिला प्रोटीन कमी पडतंय का?"

या वयात किलोमागे दिवसाला साधारण 1 ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे तिला सुमारे 9 ग्रॅम. आईने सांगितले, की ती दोन पेले म्हशीचे दूध पिते आणि दोन वेळा खिचडी खाते. 400 मिलिलिटर दुधातूनच 15 ग्रॅम मिळायला हवीत. डबा परत करा, असे मी सांगणार होते. पण हिशोब बरोबर असेल तर वजन का अडले, हे मला उलगडेना. म्हणून दुसऱ्या दिवशी मी त्यांना घरची खिचडी डब्यात घेऊन बोलावले.

चमचा तिरका करताच खिचडी ताकासारखी ओघळली. दोन्ही वेळची मिळून तिच्या पोटात जेमतेम 15 ग्रॅम तांदूळ आणि 5 ग्रॅम मूगडाळ जात होती, म्हणजे सव्वादोन ग्रॅम प्रथिने. मग आजी म्हणाल्या, "म्हशीचं दूध जड पडतं, म्हणून निम्मं पाणी घालतो." म्हणजे खरे दूध 200 मिलिलिटर आणि त्यातून सुमारे 7 ग्रॅम. प्रथिनांची बेरीज कशीबशी 9 ग्रॅमवर येत होती. मात्र दोन-चार बिस्किटे धरूनही ऊर्जा 400 कॅलरींच्या आतच राहत होती आणि गरज होती जवळपास 700 कॅलरींची. ऊर्जा इतकी अपुरी पडली, की शरीर प्रथिनेच इंधन म्हणून जाळते आणि वाढीसाठी फारसे काही उरत नाही. त्या डब्याने हे दुखणे बरे होणार नव्हते. अंगणवाडीच्या कार्डावर "आहार पुरेसा" असे लिहिलेले होते. पातेल्यात न डोकावता असे लिहिले जाते याची मला चीड येते, आणि पहिल्या दिवशी मीही डोकावले नव्हते.

आम्ही दूध पाण्याशिवाय 300 मिलिलिटर ठरवले. खिचडी प्रत्येक वेळी 30 ग्रॅम तांदूळ आणि 15 ग्रॅम डाळीची, चमचा तिरका केला तरी न ओघळणारी, वर चमचाभर तूप. अशा एका वेळच्या खिचडीतून 6 ग्रॅम प्रथिने आणि सुमारे 200 कॅलरी मिळतात. तांदळात लायसिन हा प्रथिनांचा एक आवश्यक घटक कमी असतो, तो डाळ भरून काढते. अंडे उष्ण पडते, असे आजींचे म्हणणे होते. उकडलेले अंडे कुस्करून खिचडीत मिसळून दाखवल्यावर त्यांनी निम्म्या अंड्यापासून सुरुवात करायला होकार दिला; पूर्ण अंड्यातून आणखी 6 ग्रॅम मिळतात.

चार आठवड्यांनी वजन 8 किलो 850 ग्रॅम भरले. आता मी दुधाचे माप विचारण्याआधी त्यात पाणी किती घालता, हे विचारते.