पथकाचा व्हिडिओ जलरंगात उतरवताना

माझी भाची पुण्यातल्या एका ढोल-ताशा पथकात ढोल वाजवते. पथकाच्या वर्धापनदिनाला पडद्यावर दाखवायला एक छोटी फिल्म हवी होती. चित्रीकरण खरंच, नदीपात्रातल्या सरावाचं, पण दिसायला जलरंगात रंगवल्यासारखं, अशी सगळ्यांची इच्छा होती. एडिटिंग हे माझं रोजचं काम असल्यामुळे ते माझ्याकडे आलं.

एक फ्रेम रंगवणं सोपं असतं. स्टेबल डिफ्युजन या चित्रं काढणाऱ्या एआय मॉडेलला फोटो द्यायचा, 'जलरंग, कागदाचा पोत' असं लिहायचं आणि डिनॉइज, म्हणजे मूळ फोटो किती बदलायचा तो आकडा, ०.५ च्या आसपास ठेवायचा. ०.३ ला नुसता फिल्टर लावल्यासारखं दिसतं, ०.७ ला चित्र सुंदर येतं पण माणूस बदलतो. रेषा जागेवर राहाव्यात म्हणून सोबत कंट्रोलनेटचं लाइनआर्ट लावलं, ते फोटोतल्या रेषा काढून मॉडेलला त्यांच्यावरूनच चालायला लावतं. ढोल, फेटा, खांद्यावरचा पट्टा, सगळं छान उतरलं.

मग व्हिडिओच्या फ्रेम सुट्या केल्या. मोबाइलचं चित्रीकरण सेकंदाला ३० फ्रेमचं होतं, त्यातली एकाआड एक घेतली:

```
ffmpeg -i dhol.mp4 -vf "fps=15,scale=768:432" frames/%04d.png
```

खरा प्रश्न इथून पुढे आहे. प्रत्येक फ्रेम स्वतंत्र रंगवली की मॉडेलला आधीची फ्रेम आठवत नाही. भिंतीवर या फ्रेमला निळसर ओघळ, पुढच्या फ्रेमला करडा. चालवून पाहिलं तर सगळा पडदा उकळतोय असं वाटतं. मॉडेल चित्राची सुरुवात नॉइजपासून, म्हणजे विस्कटलेल्या ठिपक्यांपासून करतं, आणि ते ठिपके सीड नावाच्या आकड्यावरून ठरतात. सीड एकच ठेवलं की हे कमी होतं, पण दुसरंच काहीतरी सुरू होतं. रंगाचे डाग पडद्याला चिकटून बसतात आणि माणसं त्यांच्या मागून सरकतात, ओल्या काचेतून बघावं तसं. कॅमेरा फिरला की हे लगेच डोळ्यांत भरतं. कारण साधं आहे: सीड एक म्हणजे नॉइजचा नमुना एक, आणि तो चौकटीला बांधलेला असतो, ढोलाला नाही.

लुकलुक किती आहे हे नुसत्या डोळ्यांनी ठरवू नये. चार वेळा बघितलं की नजर सरावते. मी प्रत्येक फ्रेममधून एकाच जागेची उभी पट्टी कापून सगळ्या पट्ट्या शेजारी शेजारी लावते. दहा सेकंदांच्या तुकड्यासाठी:

```
ffmpeg -i out.mp4 -vf "crop=2:432:384:0,tile=150x1" -frames:v 1 slice.png
```

कॅमेरा स्थिर असेल आणि पट्टी भिंतीवरून जात असेल तर चित्रात शांत आडव्या रेघा दिसायला हव्यात. उभे पट्टे दिसले की समजायचं, रंग फ्रेमगणिक उड्या मारतोय. माझ्या पहिल्या तुकड्यात उभ्या पट्ट्यांशिवाय काही नव्हतं.

त्यावर दोन उपाय करून पाहिले. पहिला अ‍ॅनिमेटडिफ. यात मॉडेल साधारण १६ फ्रेम एकत्र बघून रंगवतं, त्यामुळे लुकलुक खूपच कमी होते. क्लिप लांब असेल तर १६-१६ चे गट एकमेकांवर थोडे चढवून पुढे सरकवावे लागतात, आणि गटागणिक रंग हळूहळू घसरतो. सुरुवातीचा भगवा शेवटी विटकरी झाला होता. म्हणून शॉट तीन-चार सेकंदांचेच ठेवले आणि उरलेला फरक कलर मॅच करून काढला.

दुसरा उपाय एबसिंथ. यात मोजक्याच फ्रेम रंगवायच्या, आणि तो रंग बाकीच्या फ्रेमवर हालचालीच्या मागोमाग पसरवला जातो. कुंचल्याचा फटकारा खरोखर ढोलाबरोबर फिरतो, म्हणून स्थिर क्लोजअपला मला हेच जास्त आवडलं. रंगवायच्या चार फ्रेम एकाच मोठ्या चित्रात दोन-दोन मांडून एकदमच रंगवल्या, म्हणजे चारींची छटा जुळते. सुट्या रंगवल्या असत्या तर चार चित्रकारांनी केल्यासारख्या दिसल्या असत्या. अडचण आली ध्वजामुळे. ध्वज नाचवणारा मुलगा भाचीसमोरून गेला, ध्वज तिच्या चेहऱ्यावरून सरकला, आणि तो बाजूला झाल्यावर तिच्या गालावर भगवा रंग फासलेला राहिला. झाकलेल्या जागेचा रंग कुठून आणायचा हे त्या पद्धतीला कळूच शकत नाही. जिथे काही झाकलं जाऊन पुन्हा उघडतं, तिथे लगेच नवी रंगवलेली फ्रेम द्यावी लागते. ध्वज गोल गोल फिरत राहिला तर अशा फ्रेम इतक्या लागतात की पद्धतीचा उपयोगच उरत नाही. ध्वजाचे शॉट मी अ‍ॅनिमेटडिफकडे वळवले.

टिपरूचं दुखणं वेगळं. सराव संध्याकाळचा, उजेड कमी, त्यामुळे मोबाइलचा शटर हळू आणि फिरणारं टिपरू म्हणजे नुसता करडा पट्टा. लाइनआर्टला त्यात रेषाच सापडत नाही. मग मॉडेल तिथे कधी काहीच काढत नाही, कधी कापडाची चिंधी काढतं. ताशाच्या काड्या तर पूर्ण गायब. यावर संगणकात इलाज नाही, चित्रीकरणातच आहे. रविवारी सकाळच्या उन्हात, शटर १/५०० ठेवून पुन्हा शूट केलं. असं चित्रीकरण नुसतं बघायला थोडं तुटक वाटतं, पण रंगवल्यावर प्रत्येक टिपरू हातात दिसलं.

मला सगळ्यात जास्त लागलं ते लांबच्या शॉटमधल्या चेहऱ्यांचं. भिडे पुलाच्या बाजूने घेतलेला शॉट होता, पूर्ण पथक रांगेत. रंगवल्यावर मागच्या रांगेतल्या मुलींना एकसारखे, कोणाचेच नसलेले चेहरे आले. हिशेब असा: मॉडेल चित्र आधी आठपट लहान करून मगच त्यावर काम करतं, म्हणजे ७६८ बाय ४३२ चं होतं ९६ बाय ५४. मागच्या रांगेतला चेहरा २४ पिक्सेल उंच असेल तर कामासाठी हातात उरतात तीन घरं. तीन घरांत डोळे, नाक, नथ मावणार कशी? जे मावत नाही ते मॉडेल मनाने भरतं. क्लोजअपमधला २०० पिक्सेलचा चेहरा पंचवीस घरांत बसतो, तिथे भाची भाचीच राहिली. रिझोल्यूशन वाढवून थोडं सुधारलं, पण मित्राच्या १२ जीबीच्या ग्राफिक्स कार्डावर १६ फ्रेम एकत्र धरून फार वर जाता येईना.

ज्यांनी दोन महिने हाताला फोड येईपर्यंत वाजवलं, त्यांचे चेहरे भलतेच दाखवायला माझं मन तयार झालं नाही. पथकप्रमुख ताईंना मूळ आणि रंगवलेला, दोन्ही शॉट शेजारी लावून दाखवले. त्या म्हणाल्या, "अगं, रंग नसला तरी चालेल, पण पोरी ओळखू आल्या पाहिजेत." त्यामुळे लांबचे सगळे शॉट मूळ चित्रीकरणातलेच ठेवले, वर फक्त कागदाचा पोत आणि रंगांची थोडी सपाटी दिली, कुठलंही मॉडेल न वापरता.

ढोलांवरच्या नावाचंही तेच केलं. देवनागरी अक्षरांची शिरोरेषा टिकते, पण तिच्याखाली जे उमटतं ते कुठलीच भाषा नसते, आणि ते दर फ्रेमला बदलतं. नावाभोवती मास्क काढला, ट्रॅक केला आणि मूळ अक्षरं रंग जुळवून परत वर बसवली.

यंदा शूट करणाऱ्या मुलाला मी आधीच सांगून ठेवलंय: सकाळचं ऊन, शटर १/५०० किंवा वर, कॅमेरा स्टँडवर, शॉट चार सेकंदांचे, रंगवायच्या शॉटमध्ये चेहरा चौकटीच्या निम्मा तरी, आणि ध्वज कोणाच्या तोंडासमोरून जाणार नाही अशी जागा.