गेरच्या दिवशी आलेला एकच निरोप

रंगपंचमीला इंदूरमध्ये काम होतं असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. गेर म्हणजे रंग उडवत जाणारी मिरवणूक निघते, राजवाड्याकडे जाणारे रस्ते माणसांनी भरून जातात आणि विजयनगरातलं आमचं ऑफिस रिकामं पडतं. मला पाण्याच्या तोफांखाली भिजायची हौस नाही, म्हणून त्या दिवशीची ड्युटी मी मागून घेतली होती. आमचं डेटिंग ॲप लहान आहे. स्पॅम पकडायचं काम मी आणि आमचे टीम लीड, ज्यांना सगळे दादा म्हणतात, असे दोघंच बघतो. दादा त्या दिवशी रामबागेतल्या घरूनच फोनवर होते.

साडेआठच्या सुमाराला मी स्क्रीन उघडली तेव्हा दोन खाती लाल झालेली होती. दोघांनीही आपल्या मॅचना रंगपंचमीच्या शुभेच्छांचा जवळजवळ एकसारखा मेसेज पाठवला होता. पण ती दोन वेगवेगळ्या यादीत होती आणि खरी गंमत तिथेच होती.

आमची मोजणी कशी चालते ते आधी सांगते. पाठवलेल्या प्रत्येक मेसेजची एक छाप काढतो. आधी सगळी अक्षरं एका साच्यात आणायची: लहान लिपीत, इमोजी काढून, आणि NFKC नावाच्या युनिकोडच्या पद्धतीने, म्हणजे कुणी जाड किंवा नक्षीदार रोमन अक्षरं वापरली तरी ती साधी होतात. ज्याला मेसेज जातोय त्याचं नाव आम्हाला ठाऊक असतं, म्हणून ते मेसेजमध्ये सापडलं की त्या जागी एक खूण ठेवतो. नाहीतर ‘हाय स्नेहा’ आणि ‘हाय पूजा’ हे दोन वेगळे मेसेज ठरतील आणि ज्याच्याकडे नाव घालणारी स्क्रिप्ट आहे तो कायमचा सुटेल. मराठीत आणखी एक खोच आहे. ‘येणाऱ्या’ हा शब्द काही कीबोर्ड ऱ हे अक्षर घालून लिहितात, काही र, हलन्त आणि न दिसणारा जोडक घालून. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, संगणकाला वेगळे, आणि NFKC ते एक करत नाही. तो नियम आम्हाला हाताने लिहावा लागला. हा सगळा बदल फक्त छापेपुरता असतो, समोरच्याला मेसेज पाठवणाऱ्याने लिहिला तसाच जातो.

मग तीन-तीन अक्षरांचे तुकडे पाडून दोन मेसेजमधले किती तुकडे सामायिक आहेत ते पाहायचं. पुरेसे जुळले की छाप एकच. अगदी छोटे मेसेज आम्ही मोजतच नाही. ‘हाय, काय करतेस?’ मोजायला घेतलं तर ॲपवरचे निम्मे पुरुष दुपारपर्यंत बंद होतील.

ती छाप एका माणसाने किती वेगवेगळ्या व्यक्तींना पाठवली, हे रेडिस नावाच्या डेटाबेसमध्ये असं ठेवतो:

```
ZADD fp:<user>:<fp> <now> <recipient>
ZREMRANGEBYSCORE fp:<user>:<fp> 0 <now-86400>
ZCARD fp:<user>:<fp>
```

पहिली ओळ प्राप्तकर्त्याला वेळेसकट नोंदवते, दुसरी चोवीस तासांपूर्वीचे काढून टाकते, तिसरी उरलेले मोजते. एकाच व्यक्तीला तोच मेसेज पाचदा गेला तरी नोंद एकच राहते, फक्त वेळ बदलते. आम्हाला हवं तेच, कारण प्रश्न किती मेसेज गेले हा नसून किती जणींना गेले हा आहे. खिडकी सरकती ठेवण्याचं कारणही आहे. घड्याळाच्या ठोक्याला शून्य होणारी मोजणी असली की माणूस नऊला दोन मिनिटं कमी असताना पूर्ण कोटा वापरतो आणि नऊ वाजता पुन्हा तेवढाच.

एका तासाची मोजणीही अशीच चालते. तासात एक छाप २५ जणांपर्यंत जाऊ देतो, त्यापुढे पाठवणाऱ्याला ‘थोड्या वेळाने प्रयत्न करा’ असं उत्तर मिळतं. चोवीस तासांत २०० ओलांडले तर मात्र आपोआप काही होत नाही, फक्त माणसाला, म्हणजे मला, खबर मिळते.

पहिलं खातं तासाच्या मर्यादेला धडकलेलं होतं. सकाळी आठनंतर त्याने काही मिनिटांत पंचवीस जणींना मेसेज टाकला आणि अडवल्यावरही तो बटण दाबतच राहिला. मजकूर असा: रंगपंचमीच्या शुभेच्छा, गेर पाहायला कुणाबरोबर जाणार आहेस? दोन मेसेजमधलं अंतर कधी नऊ सेकंद, कधी एक मिनिट. हाताने चिकटवणाऱ्या माणसाचं अंतर असंच असतं, मध्ये चहा येतो, मध्ये कुणी हाक मारतं. सहा जणींनी उत्तरं दिली होती आणि त्याने प्रत्येकीला वेगळं काहीतरी लिहिलं होतं. दरम्यान सपोर्टच्या ताईंकडे त्याची तक्रारही आली होती, पक्की इंदुरी: ‘भिया, त्योहार के दिन भी रोकोगे क्या?’

दुसरं खातं तासाच्या मर्यादेपर्यंत एकदाही पोचलं नव्हतं. मध्यरात्रीपासून तासाला २४, बरोबर अडीच मिनिटांनी एक. झोपणं नाही, चहा नाही. अशा गतीने आठ तास वीस मिनिटांत २०० होतात, आणि खबर नेमकी त्या वेळी आली होती. म्हणजे आमच्या वेगमर्यादेने उत्साही पोराला धरलं आणि मर्यादा माहीत असलेल्याला सोडलं. आमचं ‘थोड्या वेळाने’ हे उत्तर किती मेसेजनंतर येतं, हे कुणीतरी आधी शांतपणे मोजून घेतलं होतं.

मजकुरात शुभेच्छा होत्याच, पुढे होतं की राजवाड्याजवळच्या गच्चीवरून गेर पाहायची जागा आहे, पास या दुव्यावर. छाप काढताना दुवे आणि आकडे आम्ही झाकतो, पण वेगळ्या नोंदीत ठेवतो. त्या नोंदीत हा दुवा शोधला तर तो एकाच खात्यात सापडला. लघु-दुवा होता, प्रत्येक खात्यासाठी नवा बनवता येतो. म्हणून दुवा जिथे शेवटी पोचतो ते पान काढलं आणि तेच पान गाठणारे बाकीचे दुवे शोधले. चौदा खाती निघाली. सुरुवातीचे शब्द प्रत्येकाचे जरा वेगळे, मधला भाग एकच, प्रत्येकाचा वेग तासाला २४. पानावर जागा राखायला १९९ रुपये यूपीआयने मागितले होते.

फोनवर दादा म्हणाले, “दोघांनाही बंद कर. शेकडो जणींना एकच निरोप म्हणजे स्पॅमच.”

मी म्हटलं, “दादा, मग आज अर्ध्या इंदूरला बंद करावं लागेल. तुम्हीही सकाळी ग्रुपवर तोच शुभेच्छांचा मेसेज टाकलाय.”

दादा हसले, पण मुद्दा सोडला नाही. त्यांचं म्हणणं होतं की त्या पोराविरुद्धही दोन तक्रारी आहेत. होत्या खऱ्या. पण सणाच्या दिवशी हजारो लोक तोच फिरता मजकूर चिकटवतात, त्यामुळे एकसारखेपणा हा त्या दिवशी पुरावाच राहत नाही. पुरावा असतो मेसेज समोरच्याकडून काय मागतो यात. पोराला उत्तर हवं होतं, चौदा खात्यांना पैसे. पहिला उपद्रव आहे, त्याला हळू करणं पुरे. तासाभराने त्याची मर्यादा आपोआप सुटणार होती, खात्यावर कसला शेरा मारायची गरज नव्हती. ताईंनी त्याला तसं कळवलं. तो खूश झाला असं नाही.

चौदा खाती बंद करायला माझं बोट बटणावर होतं, पण आधी लॉगिनच्या नोंदी पाहिल्या. अकरा खाती जुनी होती, खरे फोटो, खरी संभाषणं, आणि आदल्या रात्री अकरानंतर अचानक नव्या फोनवरून उघडलेली. म्हणजे खात्याचे मालक वेगळे आणि पाठवणारे वेगळे. शेकडो मॅच कुठून आल्या याचंही उत्तर मिळालं: त्या आयत्या मिळाल्या होत्या. ताज्या खात्याला एवढ्या मॅच एका रात्रीत जमत नाहीत. बंदी घातली असती तर चोराचं काही गेलं नसतं, मालकाचं खातं मात्र गेलं असतं. त्या अकरांची सगळी लॉगिनं तोडली आणि मालकांना आधीच्या फोनवर पुन्हा ओळख पटवायला सांगितलं. उरलेली तीन नवी होती, ती बंद केली.

त्या पानाकडे नेणारा कुठलाही मेसेज पोचण्याआधी रोखून धरायचा नियम लावला, त्याला पाच मिनिटंही लागली नाहीत. गेलेल्या मेसेजचं काम जास्त होतं. अडीच हजारांच्या आसपास चॅटमध्ये तो पडलेला होता. तिथे मेसेजच्या जागी आमची सूचना आणली: हा दुवा फसवा आहे, पैसे दिले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. सूचना गेल्यावर तासाभरात सपोर्टकडे तक्रारींची रीघ लागली. तोपर्यंत बहुतेक जणींना संशयच आला नव्हता. ओळखीच्या चेहऱ्याकडून सणाचा मेसेज आला तर कोण तक्रार करतं? म्हणून तक्रारींची वाट पाहणारी पद्धत अशा वेळी उशिरा जागी होते.

दुपारी मर्यादेत दोन बदल केले. २५ हा पक्का आकडा काढून प्रत्येक खात्याला दर तासाला थोडा वेगळा आकडा लावला, म्हणजे मोजून घेतलेली मर्यादा पुढच्या तासाला उपयोगाची राहत नाही. आणि मेसेजमध्ये दुवा, फोन नंबर किंवा यूपीआय पत्ता असेल तर मोजणी खात्यानुसार न ठेवता त्या नंबरानुसार, पत्त्यानुसार किंवा दुवा शेवटी पोचतो त्या पानानुसार ठेवली, मग खाती चौदा असोत की चाळीस. दादांना शुभेच्छांना सणापुरती सूट हवी होती. मी नको म्हटलं, कारण दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक फसवा मेसेज शुभेच्छांनीच सुरू झाला असता.

संध्याकाळी पाचला त्याच टोळीचा पुढचा प्रयत्न आला. या वेळी मजकूर नव्हताच. रंगीत पोस्टरचं चित्र होतं आणि कोपऱ्यात क्यूआर कोड. आमच्या सगळ्या छापा अक्षरांच्या, चित्रापुढे त्यांचा काही उपयोग नव्हता. चित्राची छाप काढायच्या पद्धती आहेत, पण कडा कापल्या किंवा क्यूआर दुसऱ्या कोपऱ्यात हलवला की त्या डळमळतात. क्यूआर मात्र हलवला तरी वाचता येतो, आणि त्यात पैसे घेणाऱ्याचा यूपीआय पत्ता सरळ लिहिलेला असतो. दादांना फोन लावून सांगितलं की चित्रातला क्यूआर वाचून तो पत्ता दुपारच्याच मोजणीत टाकते, आणि ताईंना म्हटलं, रात्री नऊपर्यंत चित्रं असलेल्या तक्रारी माझ्याकडेच पाठवा.