एका खात्याने नमुना २६९ वरून १,४०९ वर नेला

एका सहकारी पतसंस्थेच्या ४,००० कर्जखात्यांवरील व्याजआकारणी तपासण्याचे काम आमच्याकडे होते. प्रत्येक खात्याचे व्याज परतफेडीच्या तारखांनुसार नव्याने मोजायचे, वहीतील व्याजातून ते वजा करायचे आणि खात्यामागे सरासरी किती रुपयांची चूक आहे याचा अंदाज द्यायचा, असे कामाचे स्वरूप होते. एकूण चुकीचा अंदाज २०,००० रुपयांपेक्षा अधिक चुकलेला आम्हांला चालणार नव्हता, म्हणजे खात्यामागे ५ रुपये.

किती खाती तपासायची, हा प्रश्न आला की आमच्या क्षेत्रात अजूनही 'दहा टक्के घ्या' असे सर्रास सांगितले जाते, आणि त्याला कसलाही आधार नसतो. फरकावरून अंदाज काढण्याच्या पद्धतीत नमुन्याचा आकार खात्यांतील रकमा किती विखुरलेल्या आहेत यावर ठरत नाही. वहीतील आणि खरी रक्कम यांच्यातील फरक किती विखुरलेले आहेत यावर ठरतो. त्यामुळे आधी ५० खात्यांचा यादृच्छिक प्राथमिक नमुना काढला. त्यांपैकी ४४ खाती बिनचूक निघाली आणि उरलेल्या सहांत १२०, ८०, १५०, २०० व ११० रुपये जास्त आणि एकात ६० रुपये कमी आकारलेले होते. शून्य फरकाची खातीही हिशेबात धरावीच लागतात. तशी धरल्यावर सरासरी १२ रुपये आणि प्रमाण विचलन सुमारे ४३.३ रुपये आले. ९५ टक्के विश्वासपातळीला सूत्र असे:

n = (1.96 × 43.3 / 5)²

उत्तर २८८ येते. एकूण खाती ४,००० एवढीच असल्याने २८८ ला १.०७२ ने भागायचे, म्हणजे २६९. प्राथमिक नमुन्यातील ५० खाती त्यांत धरून बाकीची आम्ही यादृच्छिक क्रमांकांनी निवडली.

काम संपत आले असताना एका गृहकर्जाच्या खात्यात १,८४० रुपयांचा फरक निघाला. त्याआधीचा कोणताही फरक काही शे रुपयांच्या वर गेला नव्हता. खातेउतारा आणि संचालक मंडळाचा ठराव शेजारी ठेवल्यावर कारण दिसले: वर्षाच्या मध्यात गृहकर्जाचा व्याजदर अर्ध्या टक्क्याने कमी करण्याचा ठराव झाला होता, पण या खात्यावर संगणकात जुनाच दर चालू राहिला होता. त्या एका आकड्याने प्रमाण विचलन ११९ रुपयांवर गेले. तेच सूत्र पुन्हा लावले, तर आता १,४०९ खाती तपासायला हवी होती.

आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांचे म्हणणे होते, "हे खातं अपवाद आहे, बाजूला ठेवा." मला ते मुळीच पटले नाही. एसए ५३० या लेखापरीक्षणाच्या मानकानुसार एखादी चूक अपवादात्मक मानायची असेल, तर ती समग्र खात्यांची प्रातिनिधिक नाही याची उच्च प्रतीची खात्री जादा तपासणी करून मिळवावी लागते. आकडा गैरसोयीचा आहे, हे कारण तिथे चालत नाही. शिवाय जुना दर या एकाच खात्यावर राहिला असेल, असे मानायला काहीच आधार नव्हता.

म्हणून आम्ही खात्यांचे दोन स्तर केले. ठरावाने ज्यांचा दर बदलला अशी १६० गृहकर्जे एका स्तरात घेतली आणि ती सर्वच्या सर्व तपासली. स्तराची सीमा ठरावाच्या यादीवरून आखली, सापडलेल्या चुकीवरून नव्हे, हे मी मुद्दाम कार्यपत्रात लिहून ठेवले, कारण चूक पाहून सीमा आखली तर सगळा हिशेबच हवा तसा वळवता येतो. त्या १६० पैकी १४ खात्यांवर जुना दर निघाला. संपूर्ण तपासलेल्या स्तरात नमुन्यामुळे येणारी अनिश्चितता उरत नाही. उरलेल्या ३,८४० खात्यांपैकी २५८ आधीच आमच्या नमुन्यात होती; त्यांच्या फरकांचे प्रमाण विचलन पुन्हा ४३ रुपयांच्या आसपास आले आणि एकूण अंदाजाची मर्यादा सुमारे १९,५०० रुपयांवर आली. १,४०९ खात्यांची गरज उरली नाही.

अहवाल गेला, तरी एक हिशेब माझ्या मनातून जात नाही. चुकीच्या दराची खाती ४,००० मध्ये १४ होती. ५० च्या प्राथमिक नमुन्यात त्यांतले एकही न येण्याची शक्यता सुमारे ८४ टक्के होती, त्यामुळे ४३.३ हे विचलन खरे नव्हते, याचा सुगावा तिथे लागणे अवघडच होते. पण २६९ च्या नमुन्यातही त्यांतले एकही न येण्याची शक्यता सुमारे ३८ टक्के होती, आणि तसे झाले असते, तर आमचे विचलन ४३ च राहिले असते, सूत्राने नमुना पुरेसा असल्याचे सांगितले असते आणि ५ रुपयांची मर्यादा आम्ही निःशंकपणे अहवालात लिहिली असती. चुका थोड्या आणि मोठ्या असतात तिथे सूत्राला लागणारे विचलन नमुन्यातूनच येते आणि तेच सर्वाधिक फसवे असते. म्हणून आता प्राथमिक नमुना काढण्याआधी वर्षभराचे दरबदलाचे ठराव मी मागवून घेते आणि त्या खात्यांचा स्तर आधीच वेगळा करते.