तुम्ही विचारलंत म्हणून: आठ गेले, आठ आले

"शेअर आठ टक्के पडला आणि डॉलर आठ टक्के चढला, म्हणजे तुमचं मुद्दल सुटलं ना?"

नाही, मुद्दल सुटले नाही. डॉलर चढला तो शंभरावर नव्हे, तर उरलेल्या ब्याण्णवावर; आणि ब्याण्णवाचे आठ टक्के 7.36 होतात. बेरीज 99.36 येते.

जानेवारी 2022 मध्ये मी एका अमेरिकी कंपनीचे 40 शेअर 100 डॉलरने घेतले. बँकेची कात्री धरून डॉलर 75 रुपयांना पडला, म्हणजे 3 लाख रुपये गेले, आणि त्यातले निम्मे थोरल्या भावाचे होते. सोलापुरात त्याचे टॉवेलचे माग आहेत आणि माल परदेशी जातो, त्यामुळे डॉलरचा भाव त्याला तोंडपाठ असतो.

पुढच्या जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, त्याने हिशेब मागितला. शेअर 92 डॉलरवर होता. मोबाइलवर तोटा 25,920 रुपये दिसत होता. मी तोच आकडा त्याला वाचून दाखवला, निम्मा तोटा वजा केला आणि माझ्या बचतीतून 1,37,040 रुपये त्याच्या हातात ठेवले. त्याने ते मोजले नाहीत. "मागावर घातले असते तर बरे झाले असते," एवढेच म्हणाला.

जुलैत विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचा तक्ता भरताना खरेदीची किंमत खरेदीच्या दिवशीच्या दराने मांडावी लागली, तेव्हा चूक कळली. मोबाइलने 320 डॉलरचा तोटा घेऊन त्याला त्या दिवशीच्या 81 रुपयांनी गुणले होते. मी मात्र डॉलर 75 ने घेतले होते. दोन टोकांना दोन दर लावायला हवेत: 3,680 गुणिले 81, म्हणजे 2,98,080. तोटा 1,920 रुपयांचाच होता. शिवाय शेअरमागे दोन डॉलर लाभांश आला होता. अमेरिकेतला 25 टक्के कर कापून 60 डॉलर खात्यातच पडून होते, म्हणजे आणखी 4,860 रुपये. एकूण 3,02,940. डॉलरमध्ये साडेसहा टक्के उणे असलेला व्यवहार रुपयांत जवळपास एक टक्का अधिक होता. साडेसहा उणे आणि आठ अधिक यांची नुसती वजाबाकी केली असती, तर दीड टक्का आला असता आणि तोही चुकलाच असता.

ही चूक यंत्राची होती असे मी बराच काळ म्हणत आलो. पण खरेदीची पावती माझ्या कपाटात होती आणि 75 हा दर तिच्यावर छापलेला होता. लाभांश तर मी शोधलाही नव्हता.

भावाला उरलेले 14,430 रुपये मी पाठवले आणि त्याने ते ठेवून घेतले. मात्र त्याचा आक्षेप कायम आहे: शेअर विकले नव्हते, मग 81 चा दर मिळाला असता हे कशावरून? विकून पैसे आणताना बँकेने पुन्हा कात्री लावली असती आणि डॉलर 80 रुपये 20 पैशांच्या खाली मिळाला असता, तर तो एक टक्काही उरला नसता. त्याचे हे म्हणणे मला खोडता आलेले नाही.