पंप फिरवणारा गिअर

मी सुट्या भागांच्या कॅटलॉगांचं भाषांतर करतो म्हटलं की लोक विचारतात, ‘नुसती नावांची यादी, त्यात एक क्रियापद नाही. मग त्यात भाषांतर करण्यासारखं असतं तरी काय?’

चार-पाच वर्षांपूर्वी ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या कॅटलॉगात ही ओळ आली:

```
GEAR PUMP DRIVE   32T   QTY 1
```

‘गिअर पंपाचा ड्राइव्ह’ लिहून मी मोकळा झालो. उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींना पंपाची कपलिंग हवी होती. माझी ओळ वाचून त्यांनी त्या भागाचा नंबर दिला आणि खोक्यातून निघाला गिअर. “भावा, ह्याला ड्राइव्ह कुणी म्हटलं?” कुणी ते मला चांगलंच माहीत होतं.

उत्तर त्या ओळीतच होतं. 32T म्हणजे 32 दाते, आणि दाते मोजून सांगतात ते गिअरचे. म्हणजे मूळ वस्तू गिअर, बाकीचे दोन शब्द त्याचं काम सांगतात. आता मी लिहितो: ‘पंप फिरवणारा गिअर, 32 दाते, नग 1’. इंग्रजीत तीन नामं एकापुढे एक ठेवली की भागतं. मराठीत मात्र ‘चा’, ‘साठी’ किंवा ‘णारा’ यातलं काहीतरी ठरवावंच लागतं, आणि तिथंच चूक होते.

स्वल्पविराम असेल तर सोपं जातं:

```
PUMP, GEAR
GEAR, PUMP
```

स्वल्पविरामाआधी वस्तू, नंतर तिचं वर्णन. पहिला गिअर पंप, दुसरा पंपाचा गिअर. पण जागा वाचवायला हे स्वल्पविराम गाळलेले असतात. सॅपसारख्या प्रणालीत वर्णनाला 40 अक्षरंच मिळतात, मग शब्दही छाटले जातात. अशा वेळी मी आकृती उघडतो, त्या भागाच्या क्रमांकाचा बाण कुठं टेकलाय ते बघतो आणि नग मोजतो.

काही ठिकाणी मात्र अख्खं वाक्य दडलेलं असतं. नगाच्या रकान्यात `AR` आलं तर ‘लागतील तेवढे’. नंबराच्या जागी `NSS` आलं तर ‘सुटा मिळत नाही’. एवढ्यावर थांबलो तर गिऱ्हाईक अडकतं, म्हणून तो भाग कुठल्या जोडणीत येतो ते वरच्या ओळींत शोधतो आणि पुढे जोडतो: ‘क्रमांक 4 चा पूर्ण संच घ्यावा’. ते तिथं स्पष्ट दिसत नसेल तर जोडत नाही.

सगळ्यात छळतं ते `NUT RH`. उजव्या बाजूचा नट, की उजव्या आट्यांचा? बाजू असेल तर चालकाच्या सीटवर बसून पुढं बघताना उजव्या हाताला येते ती. जवळच `LH` ची जोडीदार ओळ असली तरी उलगडा होत नाही, कारण दोन्ही अर्थांना जोड असते. आकृतीत तो नट दोन्ही चाकांवर दिसत असेल तर मी कंपनीला विचारतो, आणि उत्तर येईपर्यंत ‘नट RH’ तसंच ठेवून शेजारी पिवळी खूण करतो.